पाच अंगठे पडले, पण काम कुणी घेतलं?

प्रश्न: आमची पुण्यात १४ जणांची टीम आहे, अमेरिकेतल्या क्लायंटला सपोर्ट देतो. स्लॅकवर काम टाकलं की चार-पाच 👍 पडतात आणि दुसऱ्या दिवशी कळतं की ते कुणी घेतलंच नव्हतं. कधी मॅनेजरचा 👍 म्हणजे परवानगी असं समजून कुणीतरी पुढे जातं. कोणत्या इमोजीचा काय अर्थ हे ठरवायला बसलो तर यादी वीस-पंचवीस चिन्हांची झाली. हे नीट कसं ठरवायचं?

उत्तर: वीस चिन्हांची यादी आधी बाजूला ठेवा. ती चार दिवस पाळली जाईल आणि पाचव्या दिवशी पुन्हा 👍 सुरू होईल. तुमच्याकडे एकच अंगठा तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतोय: वाचलं का, हे काम कुणाकडे आहे, आणि करायला परवानगी आहे का. हे तीन प्रश्न वेगळे केले की चार-पाच चिन्हांत भागतं.

खराडीच्या एका कंपनीतला प्रसंग सांगते. तिथल्या ऑपरेशन्स टीमबरोबर मी काही काळ काम केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला टेक लीडने चॅनलवर लिहिलं:

"उद्या सकाळी ७ ला बिलिंगच्या सर्व्हरवर नवीन बिल्ड टाकायचा विचार आहे. त्याआधी रात्रीचा बॅकअप नीट झालाय का ते बघायला हवं. क्लायंटलाही अर्धा तास सिस्टिम बंद राहील असं कळवायला हवं."

दहा मिनिटांत पाच अंगठे पडले. मॅनेजरचा, डेटाबेस बघणाऱ्याचा, क्लायंटशी बोलणारीचा, टेस्टरचा आणि आणखी एका डेव्हलपरचा. लीडने मॅनेजरचा अंगठा परवानगी म्हणून घेतला आणि डेटाबेसवाल्याचा अंगठा "मी बघतो" म्हणून. मॅनेजर तेव्हा चांदणी चौकात गाडीत अडकला होता. त्याच्या लेखी त्याने फक्त मेसेज वाचला होता, "विचार आहे" म्हटलंय तर सकाळी बोलू, असं त्याच्या मनात होतं. डेटाबेसवाल्याला वाटलं, बॅकअपचा रिपोर्ट रोज आपोआप येतो, त्याचीच आठवण करून देतायत. क्लायंटशी बोलणारीला वाटलं, मेल लीडच टाकेल, कारण नेमकी वेळ त्यालाच माहीत.

त्या रात्री डिस्क भरल्यामुळे बॅकअप अर्धवट राहिला. शनिवारी सकाळी सात म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात शुक्रवारची रात्रीची साडेनऊ. क्लायंटच्या गोदामात दुसरी पाळी चालू होती आणि त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. डेटाबेसमधले बदल करणारी स्क्रिप्ट एका टेबलवर अडकली, मागे जायला गुरुवार रात्रीचाच बॅकअप हाताशी होता, आणि शुक्रवारच्या नोंदी नंतर लॉगमधून शोधून पुन्हा भराव्या लागल्या.

यात कुणी कामचुकार नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "टाकी साफ करून घ्यायला हवी" यावर सगळे माना डोलावतात आणि पुढच्या मीटिंगला टाकी तशीच असते, तसलाच हा प्रकार. आणि पहिली चूक अंगठ्यांची नव्हतीच, मेसेजची होती. त्यात दोन कामं होती, शिवाय एक परवानगी मागितली होती आणि तीही "विचार आहे" अशी झाकून. रिअ‍ॅक्शन ही अख्ख्या मेसेजला चिकटते, त्यातल्या दुसऱ्या वाक्याला वेगळी चिकटवता येत नाही. म्हणून पहिला नियम इमोजीचा नाहीच: एका मेसेजमध्ये एकच मागणी. तीन मागण्या असतील तर तीन मेसेज टाका. लोक कुरकुरतील, चॅनल भरतं म्हणतील. भरू दे.

आता चिन्हं. मी पुढे देते ती अशीच घ्या असा आग्रह नाही, पण ती निवडण्यामागची कारणं बघा, म्हणजे तुम्हाला बदलायची असली तरी अडचण येणार नाही.

👍 म्हणजे फक्त "वाचलं". बाकी काही नाही. बऱ्याच टीम्स उलटं करतात, अंगठ्याला "मंजूर" असा भारदस्त अर्थ देतात आणि "वाचलं" साठी नवीन काहीतरी शोधतात. ते टिकत नाही. अंगठा बोटावर इतका बसलेला असतो की रिक्षात, लिफ्टमध्ये, झोपेत असतानासुद्धा पडतो. जे चिन्ह विचार न करता पडतं, त्याला सगळ्यात हलका अर्थ द्यायचा, म्हणजे चुकून पडलं तरी नुकसान नाही.

हा गोंधळ किती महाग पडू शकतो त्याचं एक उदाहरण कॅनडाच्या कोर्टात झालंय. सस्कॅचवन प्रांतातल्या एका धान्य खरेदीदाराने मार्च २०२१ मध्ये एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि कराराला दुजोरा द्यायला सांगितलं. शेतकऱ्याने 👍 पाठवला. पुढे भाव चढले, माल आला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे "करार मिळाला", एवढंच. २०२३ मध्ये कोर्टाने तो होकार मानला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. कोर्टाने दोघांमधले आधीचे व्यवहार बघितले होते. शेतकरी पूर्वीही "ओके" किंवा "यप" असं एका शब्दात उत्तर द्यायचा आणि माल पोहोचवायचा. म्हणजे अंगठ्याचा अर्थ त्या दोघांच्या वहिवाटीवरून ठरला. तुमच्या टीममध्येही तुम्ही काही ठरवलं नाहीत तर तो वहिवाटीनेच ठरणार, फक्त प्रत्येकाची वहिवाट वेगळी असेल.

🔧 म्हणजे "हे माझ्याकडे आहे". इथे बहुतेक टीम्स 👀 वापरतात. मला ते पटत नाही. डोळे बघितले की निम्म्या लोकांना "बघितलं" वाटतं आणि निम्म्यांना "बघतोय", म्हणजे जो घोळ अंगठ्यातून काढला तोच डोळ्यांतून परत आला. वर केलेला हात ✋ अर्थाने चांगला आहे, पण हातांच्या चिन्हांना त्वचेचे पाच रंग आणि मूळचा पिवळा अशी सहा रूपं असतात. ज्या चिन्हाच्या आधारे पुढे शोध घ्यायचा आहे, त्याचं एकच रूप असलेलं बरं. पाना एकाच रूपात येतो आणि "काम चालू" याशिवाय त्याचा दुसरा अर्थ कुणाला सुचत नाही.

✅ म्हणजे "झालं". यातही एक खड्डा आहे. स्लॅकमध्ये टिकमार्क सारखी दिसणारी किमान तीन चिन्हं आहेत: हिरव्या चौकोनातली `:white_check_mark:`, नुसती `:heavy_check_mark:` आणि चौकटीतली `:ballot_box_with_check:`. डोळ्यांना तिन्ही सारखीच, शोधाला तिन्ही वेगळी. हिरवीचं नाव "व्हाइट" कसं म्हणून नवीन माणूस हमखास गोंधळतो, म्हणून नियम लिहिताना चिन्हाबरोबर टाइप करायचं नावही लिहा.

📥 हे चौथं, आणि ते मागणी करणाऱ्याने स्वतःच्याच मेसेजवर लावायचं: "ही गप्पा नाही, हे काम आहे." हे जास्तीचं वाटेल, पण यामुळेच पुढे अनाथ कामं सापडतात. ते कसं ते सांगतेच.

बाकी सगळे इमोजी मोकळे. 🎉, 😂, ❤️, वडापावच्या मेसेजवर 🤤, सगळं चालू दे. त्यांचा कामाच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही, एवढं लिहून टाका. चार चिन्हं राखीव ठेवायची असतील तर बाकीच्यांवर बंधन असता कामा नये, नाहीतर लोक रिअ‍ॅक्शन देणंच सोडतात.

आता ज्यावर खरं सगळं उभं आहे, ती 🔧 ची शिस्त.

पाना फक्त स्वतःच्या नावाने लावायचा, आणि एका मेसेजवर एकच. आधी कुणाचा असेल तर तुमचा लावायचा नाही. मदत करायची असेल तर थ्रेडमध्ये लिहा. दोन पाने दिसले की ते काम धोक्यात आहे असं समजा, कारण दोघंही मनात "तो बघतोय" म्हणत असतात. चॅटमध्ये माउस चिन्हावर नेला की नावं दिसतात, पण कुणी किती वाजता लावलं ते दिसत नाही. त्यामुळे "मी आधी घेतलं होतं" हा वाद चिन्हावरून सुटत नाही. दुसरा पाना दिसताच दोघांपैकी एकाने काढायचा.

काम सोडायचं असेल तर नुसता पाना काढून चालत नाही. रिअ‍ॅक्शन काढली की तिचा माग राहत नाही आणि ती काढल्याचं कुणाला कळतही नाही. दुपारी तीनला ज्याने "हे घेतलंय, बरं झालं" असं बघून ठेवलं, तो संध्याकाळपर्यंत त्याच भरवशावर असतो. म्हणून आधी थ्रेडमध्ये एक ओळ, "मला आज जमत नाही, सोडतोय", मूळ मागणाऱ्याचा उल्लेख करून, आणि मग पाना काढायचा.

पाना लावल्यावर दोन तासांत काम होणार नसेल तर थ्रेडमध्ये वेळ लिहायची: "उद्या १२ पर्यंत". वेळ नसलेला पाना दिवसअखेर बाद. हे ऐकायला कडक वाटतं, पण तीन दिवसांपूर्वीच्या पान्यापेक्षा पाना नसलेला बरा, कारण मोकळं काम निदान दिसतं तरी.

✅ लावताना पाना काढू नका, दोन्ही राहू देत. नंतर "हे कुणी केलं होतं" हे तिथेच कळतं. आणि टिकेसोबत थ्रेडमध्ये एक ओळ पुरावा: फाइलचा आकार, मेलची वेळ, तिकिटाचा नंबर, जे असेल ते.

अजून एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवायची. रिअ‍ॅक्शनची सूचना ज्याचा मेसेज आहे त्यालाच जाते. बाकीच्यांच्या चॅनलमध्ये त्यामुळे काही नवीन आलंय असं दिसत नाही. म्हणजे तुमचा पाना मागणाऱ्याला कळतो, टीमला नाही. मागणी तुमच्या सहकाऱ्याने टाकली असेल तर ठीक आहे. पण अलर्ट एखाद्या बॉटने टाकला असेल, किंवा क्लायंटच्या वतीने दुसऱ्याच कुणी मेसेज पुढे ढकलला असेल, तर ज्याला उत्तर हवंय त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. अशा वेळी पान्याबरोबर थ्रेडमध्ये "मी घेतलं" असं लिहायचंच. पैसे भरून घेतलेल्या स्लॅकमध्ये वर्कफ्लो बिल्डर नावाची सोय असते. ठराविक इमोजी पडला की आपोआप थ्रेडमध्ये "अमुकने घेतलं" अशी ओळ टाकणं तिच्यातून जमतं, म्हणजे वेळेची नोंदही होते. पण ही सोय पहिल्या महिन्यात लावू नका. सवय बसायच्या आधी यंत्र लावलं की लोक यंत्राला चुकवायला शिकतात.

अनाथ कामं शोधायची ती अशी. स्लॅकच्या शोधात रिअ‍ॅक्शनवरून मेसेज गाळता येतात, आणि आधी वजाचं चिन्ह दिलं की "हे नसलेले" मिळतात:

```
in:#billing-support has::inbox_tray: -has::wrench: -has::white_check_mark:
in:#billing-support has::wrench: -has::white_check_mark:
```

पहिल्या ओळीने जे काम मागितलंय पण कुणी घेतलं नाही ते येतं. दुसरीने घेतलंय पण झालं नाही ते. 📥 नसतं तर पहिल्या शोधात चॅनलवरचं सगळं "गुड मॉर्निंग" आणि "जेवायला कोण येतंय" आलं असतं. सुरू करण्याआधी दोन-तीन खोट्या मेसेजवर चिन्हं लावून हा शोध एकदा चालवून बघा आणि मगच त्यावर विसंबा.

हे शोध दिवसातून दोनदा चालवायचे, आणि ते चालवणारा माणूस आठवड्याच्या पाळीने ठरलेला हवा. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की पुन्हा टाकीसारखंच होतं. तुमचा क्लायंट पूर्व किनाऱ्यावर असेल तर उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. एकदा सकाळी अकराला, रात्रीत क्लायंटकडून आलेलं पकडायला. दुसऱ्यांदा संध्याकाळी सहाला, क्लायंट जागा व्हायच्या आत. पाळीच्या माणसाने अनाथ काम स्वतः करायचं नाही, ते कुणाला तरी घ्यायला लावायचं. नाहीतर दोन आठवड्यांत लोक ओळखतात की काहीही न केलं तरी पाळीवाला उचलतोच.

आता परवानगी. इथे माझं मत थोडं टोकाचं आहे: ज्या गोष्टीत पैसे जातात, जी क्लायंटला दिलेला शब्द ठरते, किंवा जी केल्यावर मागे घेता येत नाही, तिची परवानगी इमोजीने द्यायचीच नाही. याला कारण आहे. स्लॅकमध्ये मेसेज नंतर बदलता येतो, आणि बदलला तरी त्यावरच्या रिअ‍ॅक्शन तशाच राहतात. समजा, लीडने "बिल्ड ४१२ टाकतो" लिहिलं, मॅनेजरने मंजुरीचं चिन्ह लावलं, रात्री एक दुरुस्ती आली म्हणून लीडने अगदी चांगल्या हेतूने मेसेज बदलून "बिल्ड ४१३" केलं. आता चॅनलवर मॅनेजरने ४१३ ला परवानगी दिल्याचं दिसतं. मेसेजपाशी बदल झाल्याची बारीक खूण असते, पण ती कोण बघतो? म्हणून परवानगी थ्रेडमध्ये, शब्दांत, आणि कशाला दिली ते सांगून द्यायची: "बिल्ड ४१२, उद्या ७ ते ७:३०, बॅकअप तपासल्यावर. मंजूर." तुमच्या क्लायंटकडून ऑडिट होत असेल तर हेही पुरत नाही, मंजुरी तिकिटातच हवी.

छोट्या गोष्टींना चिन्ह चालेल. मेलचा मसुदा बरोबर आहे का, पुढच्या शुक्रवारी रजा घेऊ का, वगैरे. त्यासाठी स्लॅकमध्ये स्वतःचा इमोजी बनवता येतो. "मंजूर" असं ठळक देवनागरीत लिहिलेलं छोटं चित्र, नाव `:manjur:`. नाव इंग्रजी अक्षरांतच द्या, टाइप करायला तेच सोपं. हा इमोजी कोण वापरू शकतं यावर स्लॅक कुलूप लावू देत नाही, म्हणून मंजुरी देणाऱ्या दोघा-तिघांची नावं नियमात लिहून ठेवा आणि बाकी कुणी लावला तर त्याला अर्थ नाही असं स्पष्ट करा. तुमच्या टीममध्ये चेन्नईचे, कोलकात्याचे लोक असतील तर अक्षरांऐवजी रबरी शिक्क्याचं चित्र ठेवा. आणि हा इमोजी कुणी हौसेने पुसून टाकणार नाही याची खबरदारी घ्या. पुसला की जुन्या मेसेजवर चित्राऐवजी नुसतं नाव उरतं.

तोच शुक्रवार या पद्धतीने कसा गेला असता ते बघू. लीड तीन मेसेज टाकतो.

पहिला: "आज रात्री ११ चा बॅकअप पूर्ण झाला का ते तपासून फाइलचा आकार थ्रेडमध्ये टाका. सकाळी ६ पर्यंत हवं." त्यावर त्याने लावलेलं 📥. मॅनेजर, टेस्टर यांचे 👍 पडतात, त्यांचा अर्थ शून्य. डेटाबेसवाला आता अंगठ्यावर सुटू शकत नाही. एक तर तो 🔧 लावतो, नाहीतर लावत नाही, आणि न लावणं साडेसात वाजताच दिसतं.

दुसरा: "क्लायंटला मेल: त्यांच्या वेळेनुसार आज रात्री ९:३० ते १० बिलिंग बंद. त्यांची दुसरी पाळी चालू असते का तेही विचारा." 📥. क्लायंटशी बोलणारी 🔧 लावते आणि अर्ध्या तासात विचारते की दुसरी पाळी चालू असेल तर वेळ बदलायची का. या प्रश्नामुळेच कदाचित बिल्ड रविवारवर गेला असता.

तिसरा, मॅनेजरचं नाव घेऊन: "बिल्ड ४१२ उद्या ७ ते ७:३० टाकायला परवानगी हवी. बॅकअपवर ✅ नसेल तर टाकणार नाही." मॅनेजर गाडीतून अंगठा देतो, लीडला कळतं की वाचलंय, अजून मंजूर नाही. घरी पोहोचून मॅनेजर थ्रेडमध्ये लिहितो. सकाळी सहाला पहिल्या मेसेजवर 🔧 आहे पण ✅ नाही, किंवा थ्रेडमध्ये "डिस्क भरली, बॅकअप अर्धवट" असं आहे. दोन्ही वेळा लीड थांबतो.

डिस्क या पद्धतीतही भरलीच असती. फक्त ते सातच्या आधी कळलं असतं.

मॅनेजरसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे हे नाजूक असतं. "सरांचा" अंगठा पडला की त्याचा अर्थ विचारायला कुणी धजावत नाही, आणि सरांनी उत्सुकतेने पाना लावून बघितला तर टीम ते काम सोडून देते. म्हणून नियम टीमला सांगताना मॅनेजरने स्वतः सगळ्यांसमोर लिहायचं: "माझा 👍 म्हणजे वाचलं. परवानगी असेल तर मी थ्रेडमध्ये लिहीन. शंका असेल तर विचारा, मी रागावणार नाही." आणि पहिल्यांदा एखाद्या ज्युनिअरने खरंच विचारलं की त्याला चॅनलवरच नीट उत्तर द्यायचं. तिथे "अरे, कळत नाही का" असं एकदा निघालं की पुन्हा कुणी विचारत नाही.

👍 सगळ्यांकडून हवा असेल तर तसं मागायला लागतं. स्लॅकमध्ये कुणी वाचलं याच्या निळ्या टिका नसतात, आणि कुणाचे अंगठे आले ते दिसतं, कुणाचे आले नाहीत ते दिसत नाही. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा रस्ते बंद असतात, त्या दिवशी घरून काम असा मेसेज असेल तर "सगळ्यांनी ५ पर्यंत 👍 द्या, १४ हवेत" असं लिहा आणि पाचला आकडा मोजा. असं महिन्यातून दोन-तीनदाच करा. रोज केलं की लोक न वाचता अंगठा देतात आणि तो पुन्हा निरुपयोगी होतो.

हे सगळं एका पिन केलेल्या मेसेजमध्ये बसलं पाहिजे, स्क्रोल न करता. मी असा लिहिते:

"या चॅनलवर: एका मेसेजमध्ये एकच मागणी.
📥 `:inbox_tray:` मागणाऱ्याने स्वतः लावायचं, हे काम आहे.
👍 वाचलं, एवढंच.
🔧 `:wrench:` माझ्याकडे आहे. एकच माणूस. सोडताना आधी थ्रेडमध्ये लिहा.
✅ `:white_check_mark:` झालं, थ्रेडमध्ये पुराव्याची ओळ.
परवानगी शब्दांत, थ्रेडमध्ये. बाकी इमोजी मोकळे."

एकाच चॅनलवर दोन आठवडे चालवा, सगळ्या कंपनीला लगेच लावू नका. चालतंय की नाही हे कुणाला विचारायची गरज नाही, थ्रेड वाचा. पाना असलेल्या मेसेजखाली "हे कोण बघतंय?" असा प्रश्न आला, तर पान्यावर विश्वास बसलेला नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं, वेळ न लिहिता ठेवलेले जुने पाने. ✅ लागल्यावर मागणाऱ्याने "पण अजून दिसत नाही" लिहिलं, तर पुराव्याची ओळ टाळली जातेय. आणि लोक चॅनलवर 📥 लावायचं सोडून थेट खासगी मेसेज करायला लागले, तर चॅनलवर मागितलेलं काम होत नाही असा त्यांचा अनुभव आहे. तेव्हा पाळीचा माणूस काय करतो ते आधी बघा.

शेवटी व्हॉट्सअ‍ॅपबद्दल, कारण पुण्यातल्या टीम्समध्ये निम्मं काम तिथेच चालतं, स्लॅक असो वा नसो. ही पद्धत तिथे तशीच नेऊ नका. तिथे एका माणसाला एका मेसेजवर एकच रिअ‍ॅक्शन देता येते. दुसरी दिली की पहिली जाते, म्हणजे 🔧 आणि ✅ एकत्र राहत नाहीत. रिअ‍ॅक्शनवरून वरच्यासारखा शोधही घेता येत नाही. चटकन मिळणाऱ्या सहा चिन्हांत 👍, ❤️, 😂, 😮, 😢 आणि 🙏 असतात, पाना शोधायला अधिकच्या चिन्हावर जावं लागतं आणि घाईत कुणी जात नाही. तिथे मूळ मेसेजला रिप्लाय करून "मी घेतो, ४ पर्यंत" असं लिहायला लावा. आणि कुणाकडून तरी काम येणारच असेल, तर ज्याने ते घेतलं त्यानेच ते स्लॅकवर 📥 लावून टाकायचं, म्हणजे संध्याकाळी सहाच्या शोधात ते दिसेल.